ताई, तुमचा सा विरघळतोय

पेटीचा माझा पहिला ऑनलाइन वर्ग 3 जूनला झाला आणि पहिला धड वर्ग 19 जुलैला. मधल्या साडेसहा आठवड्यांत मी इंटरनेटला भरपूर शिव्या दिल्या, गरज नसताना एक मायक्रोफोन आणला, पेटी दुरुस्त करणाऱ्यांना घरी बोलावलं आणि एका नऊ वर्षांच्या मुलीला नकळत चुकीचा सा शिकवला. यातली शेवटची गोष्ट फार लागली. कुणी नव्याने ऑनलाइन शिकवायला बसणार असेल, तर त्याचे हे आठवडे वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

चौदा वर्षं मी विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवत आले. घर बदललं, तेव्हा पाच जण म्हणाले की ताई, आम्ही तुमच्याकडेच शिकणार, फोनवरून शिकवा. मी फोन पेटीसमोर पुस्तकांच्या ढिगावर टेकवला, साधा व्हिडिओ कॉल लावला आणि नेहमीसारखी सुरुवात केली. भात्यात हवा भरली, काळी चारचा सा धरला आणि पाच जणांतल्या सगळ्यांत धाकटीला म्हटलं, "ऐक आधी, मग म्हण."

तिने ऐकलं. मग म्हणाली, "ताई, तुमचा सा विरघळतोय."

मला हसू आलं. लहान मुलं कशालाही काहीही म्हणतात. पुन्हा सा धरला. "आत्ता आला... आणि गेला," ती म्हणाली. मी म्हटलं, नेट वाईट आहे, पुढच्या वेळी बघू. आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं, की त्या मुलीने पहिल्या पाच मिनिटांत जे अचूक सांगितलं होतं, तेच समजायला मला पंचवीस दिवस लागले.

पुढचे तीन-चार वर्ग असेच गेले. माझं बोलणं सगळ्यांना लख्ख ऐकू जायचं. अलंकारही जायचे. सारेग, रेगम असं मध्य लयीत वाजवलं की "छान येतंय" म्हणायचे. पण सूर लांबवला की तो कुठेतरी बुडायचा. माझे एक ज्येष्ठ विद्यार्थी आहेत, नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, "ताई, भाता गळतोय का हो?" तेही मला पटलं. लांब सूर टिकत नाही म्हणजे हवा टिकत नसणार! 17 जूनला दुरुस्ती करणारे येऊन गेले. त्यांनी भाता भरला, एकही पट्टी न दाबता तो किती वेळ फुगून राहतो ते पाहिलं, एकेक सूर धरून ऐकला आणि म्हणाले, "भाता ठणठणीत आहे, तुम्हाला कुणी सांगितलं?" काय सांगणार!

मग नेटवर संशय. जास्त वेगाची जोडणी घेतली, ती मिळायला चार दिवस गेले. सूर तसाच. मग मायक्रोफोनवर संशय. 24 जूनला यूएसबीचा एक बरा मायक्रोफोन आला, लॅपटॉपला लावला. माझं बोलणं रेडिओवरच्यासारखं गोल यायला लागलं आणि सा पहिल्यासारखाच दीड-दोन सेकंदांत गायब. इथे खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नेट खराब असतं तेव्हा बोलणंही तुटतं, शब्द यांत्रिक होतात, चित्र थांबतं. इथे बोलणं स्वच्छ होतं, चित्र नीट होतं आणि सूर दर वेळी जवळपास तितक्याच वेळाने मरत होता. वाईट नेट असं घड्याळ लावून वागत नाही. ही खूण मला कुणीतरी आधीच सांगितली असती, तर मायक्रोफोनचे पैसे वाचले असते.

28 जूनला भाचा आला. तो रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. मी गाऱ्हाणं सांगितल्यावर त्याने एकही सेटिंग न उघडता आधी चाचणी लावली. तीच चाचणी मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून करून घेते, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याने स्वतःच्या फोनवर कॉल घेतला, कानात वायरचे इअरफोन घातले आणि दोन दारं लावून आतल्या खोलीत जाऊन बसला. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत असली की आवाज गोल फिरून शिट्टी वाजते, म्हणून ही दारं. मला म्हणाला, "मावशी, एकच सा दहा सेकंद धर. भाता शक्यतो सारखा ठेव. मग थांब, मग दहा सेकंद सारेगम. शेवटी सा धरून त्यावर काहीतरी बोल."

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर असं लिहिलेलं होतं: सुरुवात स्पष्ट. दीड सेकंदानंतर पातळ. तिसऱ्या सेकंदाला जवळजवळ शांतता. पाचव्याला थोडा वर आला, मग पुन्हा गेला. सारेगम पूर्ण. बोलताना सूर शब्दांबरोबर आत-बाहेर करतो.

"पाचव्या सेकंदाला काय केलंस?" त्याने विचारलं. मी आठवून पाहिलं. तेव्हा मी भात्याला जरा जोरात हात मारला होता.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "तुझा सा म्हणजे त्याला पंखा वाटतो."

मला राग आला. पण त्याने जे समजावलं ते मी आता वर्गात सगळ्यांना सांगते. आपण कॉलवर बोलतो तेव्हा मागचा पंखा, फ्रिजची घरघर, रस्त्याचा गुंजारव समोरच्याला जाऊ नये म्हणून अॅपमध्ये एक गाळणी असते. इंग्रजीत तिला नॉइज सप्रेशन म्हणतात. कुठला आवाज कामाचा आणि कुठला बिनकामाचा, हे गाळणीने ठरवायचं कशावरून? बोलण्याची एक ठेवण असते. माणूस सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं उच्चारतो, म्हणजे आवाज सतत वर-खाली होतो आणि दोन अक्षरांच्या मध्ये, दोन शब्दांच्या मध्ये क्षणभर जवळजवळ शून्यावर येतो. पंखा तसं करत नाही. तो एका पातळीवर चालूच राहतो. म्हणून जुन्या पद्धतीची गाळणी आवाजाचे जाड-बारीक असे अनेक पट्टे करते आणि प्रत्येक पट्ट्यावर नजर ठेवते, की गेल्या सेकंद-दीड सेकंदात इथली पातळी कमीत कमी कुठवर उतरली. जी पातळी कधी उतरतच नाही, ती म्हणजे मागची घरघर. तेवढी वजा करायची.

आता पेटीचा सा आठवा. चांगला सा म्हणजे काय? हलत नाही, कापत नाही, एका पातळीवर उभा राहतो. चौदा वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आले: भाता असा मार की सुरात लाट येता कामा नये. जितकं चांगलं वाजवावं तितका सूर पंख्यासारखा दिसणार आणि तितक्या लवकर कापला जाणार! भाता धसमुसळा मारला की पातळी हलते, गाळणीला वाटतं काहीतरी नवीन आलं आणि सूर पुन्हा वर येतो. पाचव्या सेकंदाचं कोडं तिथे सुटलं. अलंकार का सुटतात तेही कळलं. प्रत्येक नवीन सूर म्हणजे नवीन पट्टे, त्यांचा हिशोब व्हायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो.

हल्लीच्या बऱ्याच गाळण्या याच्याही पुढच्या असतात. माणसाच्या बोलण्याचे आणि तऱ्हेतऱ्हेच्या गोंगाटाचे असंख्य नमुने ऐकवून त्यांना तयार केलेलं असतं. भाषण ठेवायचं, बाकी काढायचं, हे त्यांना शिकवलेलं. त्यांच्या लेखी पेटी भाषण नाही. त्यात गंमत अशी, की पेटीच्या सुरातही माणसाच्या स्वरासारखीच मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांची रांग असते. त्यामुळे अशी गाळणी गोंधळते. कधी अर्धवट ठेवते, कधी मधूनच खाते, आणि सूर पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. आपला आकारही याच कात्रीत सापडतो. लांब, सरळ, शब्द नसलेला आ.

आणखी एक बारकावा माझ्याच कानाने पकडला, त्याचा मला अजून आनंद आहे. लांब सा धरून लगेच प दाबला, की भाच्याच्या फोनवर प सुरुवातीपासूनच किडकिडीत यायचा. तोच प थोडं थांबून एकटा वाजवला की ठीक. भाच्याने कागदावर मांडून दाखवलं. साच्या तिप्पट कंपनांचा जो अंश असतो, तो आणि पच्या दुप्पट कंपनांचा अंश जवळजवळ एकाच ठिकाणी पडतो. म्हणजे साला "घरघर" ठरवताना गाळणीने पचा एक तुकडाही आधीच काळ्या यादीत टाकलेला असावा. ज्या संवादावर आपलं सगळं गाणं उभं आहे, त्याच संवादाने इथे दगा दिला.

भाच्याने सांगितलं की उपाय एकच, ही गाळणी बंद करायची. मी ज्या अॅपवर कॉल करत होते, तिथे तसा खटका मला सापडला नाही. झूममध्ये संगीतवाल्यांसाठी तशी वेगळी सोय आहे, म्हणून 1 जुलैपासून आम्ही तिकडे गेलो. मोफत खात्यातही ती मिळते, फक्त 40 मिनिटांनी बैठक आपोआप संपते. माझा वर्ग पाऊण तासाचा असल्याने पाच मिनिटं कापली. ते एका अर्थी बरंच झालं, कारण नऊ वर्षांच्या मुलीला 40 मिनिटं पुष्कळ होतात.

लॅपटॉपवर आम्ही केलं ते असं. झूम उघडून Settings मध्ये गेलो, तिथे Audio. खाली Original sound for musicians असा पर्याय दिसतो, तो निवडला. आवृत्तीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असते, पण नाव हेच. तो निवडल्यावर त्याच्या पोटात तीन चौकटी येतात. पहिली High-fidelity music mode, ती चालू केली. तिने आवाज 48 किलोहर्ट्‌झने घेतला जातो आणि सेकंदाला 96 किलोबिट पाठवले जातात. मला हे आकडे ऐकून वाटलं की नेट खलास होणार. हिशोब केला तर तासाला साधारण 43 एमबी होतात, चित्राला याहून कितीतरी जास्त लागतात. दुसरी चौकट Echo cancellation, ती मी बंद केली, पण कानात इअरफोन घालणार असले तरच. का, ते पुढे सांगते. तिसरी Stereo audio, ती बंदच ठेवली. एका मायक्रोफोनला स्टिरिओचा उपयोग नाही आणि डेटा मात्र दुप्पट.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच मी पहिल्या दिवशी फसले: सेटिंगमध्ये निवडणं पुरेसं धरू नका. बैठक सुरू झाली की खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात Original sound for musicians लिहिलेलं बटण येतं आणि त्याच्यापुढे On किंवा Off. ते On आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. मी 1 जुलैला सेटिंग लावून खुशीत वर्ग घेतला आणि अर्धा तास Off वर वाजवत होते.

मग भाच्याने पुन्हा तीच दहा सेकंदांची चाचणी घेतली. कागदावर एकच ओळ: पूर्ण दहा सेकंद, भात्याचा श्वासही ऐकू येतो, आणि छताचा पंखा.

पंखा! गाळणी काढली म्हणजे खरोखरच सगळं जातं. पंखा, खुर्चीची करकर, शेजारच्या खोलीतला टीव्ही, पेटीच्या पट्ट्यांची टकटक. आतापर्यंत मला माहीतच नव्हतं की माझी खोली इतकी बोलकी आहे. त्या दिवसापासून वर्गाच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, दाराखाली जुना टॉवेल. उकाडा होतो, इलाज नाही.

मायक्रोफोन कुठे ठेवायचा यावर दोन वर्ग गेले. भात्याच्या बाजूला ठेवला की हवेची फुसफुस जास्त येते. पेटीच्या अंगावर ठेवला की पट्ट्यांचा खडखडाट. शेवटी माझ्या समोर, पेटीपासून दोन हातांवर, पट्ट्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर, असा ठरला. तिथे पेटी आणि माझा गळा दोन्ही सारखे येतात. मायक्रोफोनचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारी Automatically adjust microphone volume ही चौकट मी काढून टाकली. ती असताना मी बोलायची थांबले की यंत्र हळूहळू आवाज चढवायचं, आणि पुढचा सूर दाबला की तो थप्पड मारल्यासारखा जायचा. ती काढल्यावर पातळी स्वतः लावावी लागते. पेटीचे सगळे स्टॉप उघडून, कपलर लावून, जितकं जोरात वाजवणार तितकं वाजवलं आणि मीटरची रेघ टोकाला टेकणार नाही इतपत आवाज खाली घेतला. टोकाला टेकली की सूर फाटतो, आणि तो फाटणं पुढे कशानेही दुरुस्त होत नाही.

4 जुलैला धाकटीचा वर्ग. सा धरला. "ताई, आज नाही विरघळत!" ती ओरडली. मी म्हटलं, आता तू म्हण.

तिने सा लावला. छान लावला, सुरात. आणि दीड सेकंदात आवाज हळूहळू खाली आणत आणत विझवला.

मला वाटलं, पुन्हा यंत्र. तिच्या बाजूची गाळणी असणार. तशी ती होतीच, त्याबद्दल पुढे सांगते. पण तिची आई बाजूला होती. मी त्यांना विचारलं, ती खोलीत म्हणते तेव्हाही असंच होतं का? त्या म्हणाल्या, "हो ताई, ती असाच म्हणते सा. तुमचा ऐकून ऐकून."

महिनाभर मी तिला सांगत होते, "ऐक आधी, मग म्हण." तिने प्रामाणिकपणे ऐकलं होतं. तिला वाटलं होतं की सा हा असाच असतो, येतो आणि विरतो. त्यावर ती मेहनत घेऊन बसली होती. विरण्याचा उतार इतका सफाईदार होता की कुणी ठरवून शिकवला असता तरी इतका जमला नसता. त्या वर्गात मी दुसरं काही घेतलं नाही. 40 मिनिटं आम्ही दोघी एकच सा धरत राहिलो. आळीपाळीने.

आळीपाळीने का, तेही सांगायला हवं, कारण इथे बऱ्याच जणांची अपेक्षा चुकते. ओरिजिनल साउंडने सूर पूर्ण पोचतो, लवकर पोचत नाही. आवाज जायला-यायला लागणारा वेळ तसाच राहतो. काकांबरोबर आम्ही एकाआड एक टाळी देऊन पाहिलं. मी "एक" म्हणून टाळी द्यायची, ती ऐकून त्यांनी "दोन", मग मी "तीन". समोरासमोर हे दहापर्यंत सरळ जातं, इथे प्रत्येक टाळीला लय लंगडायला लागली. म्हणून दोघांनी एकदम वाजवणं, माझ्या लेहऱ्यावर त्यांनी तबल्याचा ठेका धरणं, हे होत नाही. मी वाजवते तेव्हा ते ऐकतात, ते वाजवतात तेव्हा मी गप्प. तानपुरा आणि ठेका विद्यार्थ्याने स्वतःच्या खोलीत लावायचा. त्याचा माझ्याकडे येणारा आवाज त्याच्या गाण्याबरोबरच निघालेला असतो, त्यामुळे मला सगळं सुरात आणि लयीत ऐकू येतं. मी माझ्याकडे तानपुरा लावून त्यांना गायला सांगायचे ते सपशेल चुकीचं होतं. माझा तानपुरा म्हणजे गाळणीचं सर्वांत आवडतं खाद्य, अखंड आणि एकसारखा. तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि मी "सूर सोडू नका" म्हणून रागवत होते.

आता दुसरी बाजू. गाळणी ज्याचा आवाज जातो त्याच्या यंत्रावर काम करते. मी माझी बंद केली म्हणजे माझी पेटी त्यांना नीट ऐकू गेली, त्यांची पेटी मला ऐकू येण्यासाठी त्यांनी त्यांच्याकडची बंद करायला हवी. हे लक्षात न घेता मी काकांना दोन वर्ग "भाता सारखा मारा" सांगत राहिले. त्यांचा भाता उत्तम होता. इतका सारखा की कापला जात होता!

पाचपैकी तिघे फोनवरून शिकतात. फोनवरच्या झूममध्ये Settings मधल्या Meetings खाली Use original sound चालू करायचं आणि वर्गात शिरल्यावर More मध्ये जाऊन ते लागलंय का बघायचं. काकांच्या आयफोनवर हे सगळं करूनही सूर गुदमरलेला येत होता. बराच शोध घेतल्यावर सापडलं की कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये Mic Mode असतो आणि त्यांच्याकडे तिथे Voice Isolation होतं. कधीतरी प्रवासात बोलताना त्यांनीच ते लावलं होतं. ते Standard केलं आणि सूर मोकळा झाला. विंडोजच्या लॅपटॉपवरही मायक्रोफोनच्या सेटिंगमध्ये Audio enhancements नावाचं असंच एक असतं, ते Off करावं लागतं. म्हणजे एक गाळणी अॅपची आणि दुसरी यंत्राची. एक काढून फरक पडला नाही, तर दुसरी शोधायची.

एका विद्यार्थिनीकडे ब्लूटूथ इअरफोन होते. ते बोलण्यासाठी वापरायला लागलं की ब्लूटूथ फोन-कॉलच्या जुन्या, अरुंद पद्धतीवर जातं आणि पेटी डबड्यात वाजल्यासारखी येते. त्यात ओरिजिनल साउंड काही करू शकत नाही. वायरचे साधे इअरफोन आणा म्हटलं, काम झालं.

आणि इअरफोन का, तर त्या दुसऱ्या चौकटीमुळे. प्रतिध्वनी काढणारी ती सोय समोरच्याने बंद केली आणि तो स्पीकरवर ऐकत असला, की माझा आवाज त्याच्या मायक्रोफोनमधून मला परत येतो. चालू ठेवली, तर दोघांचा आवाज एकदम आला की ती एकाचा दाबते. मी वाजवताना विद्यार्थ्याने नुसतं "हं" म्हटलं तरी सुरात खड्डा पडतो. धाकटीच्या कानात इअरफोन राहत नाहीत, सारखे पडतात. तिच्याकडे ती चौकट चालू ठेवली आणि मी वाजवत असताना तिने स्वतःला म्यूट करायचं असं ठरवलं. तिला ते बटण फार आवडतं.

यात एक कागदी भाग राहिला. एका संस्थेसाठी मी आठवड्यातून एकदा आठ जणांचा वर्ग घेते, तो त्यांच्या खात्यावरून. तिथे लॉग-इन केलं तर Original sound चा पर्यायच दिसेना. तीनदा झूम काढून पुन्हा टाकलं. मग कळलं की खात्याच्या चालकाकडे वेबसाइटवरच्या सेटिंगमध्ये Allow users to select original sound in their client settings अशी एक परवानगी असते, ती बंद असेल तर खालच्या कुणालाच पर्याय दिसत नाही. 5 जुलैला मेल केला. उत्तर आलं की आवाजाची तक्रार असेल तर नेट तपासा. दुसरा मेल केला. मग एक अर्ज भरायला सांगितला, त्यात "समस्येचं स्वरूप" या रकान्यात मी "सूर कापला जातो" लिहिलं, तो "अपुरी माहिती" म्हणून परत आला. तिसऱ्या वेळी मी काहीही न समजावता त्या परवानगीचं इंग्रजी नाव जसंच्या तसं लिहिलं, ते कुठल्या पानावर सापडतं ते लिहिलं आणि भाच्याच्या कागदाचा फोटो जोडला. 14 जुलैला पर्याय दिसायला लागला. नऊ दिवस. तुम्हाला असं कुणाला लिहायचं असेल तर पहिल्याच मेलमध्ये खटक्याचं नेमकं नाव लिहा, रागदारी समजावत बसू नका.

19 जुलैला त्या आठही जणांकडून मी आधी दहा सेकंदांचा सा करून घेतला. एकेकाने वाजवायचा, बाकीच्यांनी म्यूट. सहा जणांचा पूर्ण आला. एकाचं बटण Off होतं. एकीचा सूर पाच सेकंदांनी तुटला, आम्ही सगळे कामाला लागलो, सेटिंग उघडली, बंद केली, शेवटी कळलं की तिच्या भात्याला खरोखरच फट आहे.

धाकटीला मात्र तो उतार सोडायला अजून तीन आठवडे लागले. मधेच विसरून ती सा विझवायची, मग स्वतःच "अय्या" म्हणून पुन्हा लावायची. परवा तिने काळी चारचा सा धरला तेव्हा मी घड्याळ बघत होते. अकरा सेकंद. मागे त्यांच्या घरातला पंखा गरगरत होता, कुणीतरी भांडं ठेवलं, आणि सा त्या सगळ्याच्या मधोमध उभा होता. श्वास संपल्यावर तिने विचारलं, "ताई, पंखा बंद करू का?"

मी म्हटलं, राहू दे, अजून एकदा म्हण.